पाच मिनिटांची अट

‘समजेल’ हा शब्द मॅडमनी पुन्हा खोडला आणि पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली.

“मिस्त्री, समजलं हे मला दिसणार कसं?”

“चेहऱ्यावर दिसतं की.”

“माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर रोज दिसतं. सांगितलेलं सामान मात्र घरी येत नाही.”

मिस्त्री हसले. टेबलाच्या पलीकडे खिडकी होती आणि खिडकीपलीकडे गोडाऊन. गोडाऊनच्या मधोमध लोखंडी सांगाड्यात एक लिफ्ट उभी होती, तीन मजल्यांची, कुठेच न जाणारी. कंपनी लिफ्ट बसवायची आणि सांभाळायची. ही लिफ्ट नवीन पोरांचा हात बसवण्यासाठी होती. मिस्त्रींचा उभा जन्म लिफ्टच्या डब्याच्या छतावर गेला होता. गुडघ्यांनी दगा दिल्यावर साहेबांनी त्यांना खाली आणून या टेबलाशी बसवलं आणि हेड ऑफिसातून आलेल्या ट्रेनिंगच्या मॅडमबरोबर कोर्स लिहायला लावलं.

पूर्वी कोर्स नव्हता. पोरगा एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली राहायचा, पान्हे धुवायचा, शिव्या खायचा, आणि एक दिवस मिस्त्री साहेबांना सांगायचा, “झाला तयार, सोडा एकटा.” आता गिऱ्हाईक कागद मागत होतं. कोणी तपासला, कशावर तपासला, हे लिहून द्या म्हणत होतं. एकट्याने रूट, म्हणजे ठरलेल्या इमारतींच्या लिफ्ट, सांभाळणाऱ्याजवळ कंपनीचं कार्ड हवं, आणि कार्ड हवं तर परीक्षा हवी.

“आधी उद्देश,” मॅडम म्हणाल्या. “कोर्स संपल्यावर पोरगा काय करून दाखवेल? समजेल, जाणेल, माहीत होईल, हे शब्द नकोत. करेल, मोजेल, तपासेल, असा शब्द हवा. मग कशावर करेल, आणि किती चांगलं केलं की पुरे, हेही हवं. एवढं लिहिलं की परीक्षा आपोआप निघते. जे लिहिलं तेच करून घ्यायचं.”

“एवढंच होय? मग सोपं आहे,” मिस्त्री म्हणाले, आणि अख्खी सकाळ त्यातच गेली.

विषय होता छतावर जाण्याचा. लिफ्टच्या कामात जीव जातो तो बहुतेक तिथेच. डबा खाली पाठवायचा, वरच्या मजल्याचं दार त्रिकोणी चावीने उघडायचं आणि डब्याच्या छतावर उतरायचं. त्या वेळी खालून कोणी बटण दाबलं आणि डबा निघाला, तर माणूस संपला. तो निघू नये म्हणून तीन गोष्टी असतात. दार उघडं असेल तर लिफ्ट चालू न देणारं दाराचं कुलूप. छतावरचं लाल स्टॉप बटण. आणि इन्स्पेक्शन स्विच, जो फिरवला की लिफ्ट बाहेरच्या बटणांचं ऐकत नाही, फक्त छतावरच्या माणसाचं ऐकते. या तिन्ही गोष्टी चालतात की नाही हे उतरण्याआधी, बाहेर उभं राहून तपासायचं असतं.

दुपारपर्यंत वाक्य झालं. मॅडमनी मोठ्याने वाचलं.

“‘चालू लिफ्टवर, कोणाच्या मदतीशिवाय, दाराचं कुलूप, स्टॉप बटण आणि इन्स्पेक्शन स्विच एकेक करून तपासून कामगार छतावर उतरेल.’ आता किती वेळात?”

“वेळ कशाला?”

“अर्धा दिवस लावून कोणीही करेल. तुमच्या रूटवर अर्धा दिवस असतो का?”

“छे. हॉस्पिटलची लिफ्ट दहा मिनिटं बंद ठेवली तरी वॉर्डबॉय आपली आई-माई काढतो.”

“मग चला, करून दाखवा. मी घड्याळ लावते.”

मिस्त्री गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढले. मॅडम खालीच, हातात घड्याळ घेऊन उभ्या. वरून दाराचा आवाज आला, स्विचची टकटक झाली, पुन्हा दार. मग छतावरून मिस्त्रींनी हाक दिली, “उतरलो.” घड्याळात साडेतीन मिनिटं झाली होती.

“गुडघे चांगले असते तर तीनच,” मिस्त्री खाली येऊन म्हणाले. मॅडमनी नवख्यांसाठी थोडी सूट धरून वाक्याच्या शेवटी पाच मिनिटं लिहिलं.

परीक्षेची यादी त्यानंतर टेबलावर बसून झाली. मिस्त्री सांगत गेले, मॅडम कंपनीच्या पुस्तकाशी ताडून लिहीत गेल्या. दार किंचित उघडं ठेवून बाहेरचं बटण दाबणे, लिफ्ट हलत नाही ते पाहणे. स्टॉप दाबून दार पूर्ण लावणे, बटण दाबणे, पाहणे. मग स्विच फिरवून, स्टॉप सोडून, दार लावून पुन्हा तसंच. शेवटी स्टॉप परत दाबून उतरणे. एकूण बारा पावलं झाली. हेड ऑफिसचा नियम शंभरात ऐंशीचा होता, म्हणून बारापैकी दहा बरोबर आली की पास. वेळेला मात्र सूट नाही. पाच मिनिटं ओलांडली की नापास.

“एक सांगायचं राहिलं,” मिस्त्री म्हणाले. “परीक्षेला बसणाऱ्यांत आमचे जावई आहेत.”

मॅडमनी मान वर केली. “मग गुण तुम्ही द्यायचे नाहीत. मी देईन, माझ्याबरोबर दुसऱ्या डेपोचा मेकॅनिक असेल. तुम्ही वर मोटर-रूममध्ये मेन स्विचवर बसा. काही गडबड झाली तर लिफ्टची वीज तोडायची, बस.”

“बरं झालं,” मिस्त्री म्हणाले. “मला गुण द्यायला लावले असते तर घरी जेवण मिळालं नसतं.”

---

जावई आधी मिस्त्रींचा हेल्पर होता. तीन वर्षं त्यांच्या पिशव्या वाहिल्या, त्यांच्या बोटाच्या खुणेवर पान्हे दिले, आणि चौथ्या वर्षी त्यांच्या मुलीला मागणी घातली. तेव्हापासून मिस्त्रींची पंचाईत होती. कामावर “अरे गाढवा, ग्रीस कुठंय” म्हणणारं तोंड घरी “अहो, बसा ना, पाणी घ्या” म्हणायचं. कधी कधी घोटाळा व्हायचा आणि मिस्त्रींची बायको डोळे वटारायची.

मुलगी पोटुशी होती. सातवा लागला होता. रक्तदाब वर जात होता म्हणून डॉक्टरीण दर आठवड्याला बोलवायची आणि एकटं राहू नका म्हणायची. दोघं मिस्त्रींच्याच गल्लीत दोन खोल्यांत राहत.

साहेबांनी सांगितलं होतं की दोन रूट मोकळे आहेत. एक जवळचा, हॉस्पिटल आणि आसपासच्या इमारती. दुसरा लांबच्या नव्या वसाहतीचा, तिथे आठवडाभर खोली करून राहायचं आणि रविवारी घरी यायचं. पहिलं कार्ड ज्याचं, त्याला जवळचा. दोन कार्डं एकाच दिवशी निघाली तर ज्याचे गुण आणि वेळ चांगली, त्याला.

“आपलंच होणार,” जावई चहा पिताना म्हणाला. “मामा, तुमच्या हाताखाली शिकलोय. बाकीच्यांना अजून चावी फिरवता येत नाही.”

“बढाई नको,” मिस्त्री म्हणाले. पण त्यांनाही तसंच वाटत होतं.

परीक्षेला सहा जण होते. त्यांत एक मुलगी होती. तिला सगळे सावकाशबाई म्हणत. ती कोणतंही काम दोनदा पाहिल्याशिवाय हात लावत नसे, आणि डबा खाऊन झाल्यावर झाकणसुद्धा दोनदा दाबून बघे. पोरं तिला म्हणायची, “बाई, लिफ्ट दुरुस्त होईतो इमारत पडेल.” ती म्हणायची, “पडली तर लिफ्टची तक्रार येणार नाही.”

मिस्त्री वर मेन स्विचपाशी बसून होते. खाली कोण काय करतंय ते तिथून दिसत नव्हतं. संध्याकाळी निकाल लागला. चार जण पास, दोन नापास. जावयाची वेळ सगळ्यांत कमी, आणि पहिला नंबर. नापासांत सावकाशबाई होती.

“पाच मिनिटं झाली तेव्हा मी स्विच फिरवत होते,” ती पोरांना सांगत होती. “मॅडम म्हणाल्या, थांबा. थांबले.”

“तू सुरू कधी झालीस ते सांग आधी,” कोणीतरी म्हणालं.

साहेबांनी मिस्त्रींची पाठ थोपटली. सोमवारपासून हॉस्पिटलला आपला कार्डवाला माणूस जाईल, असं त्यांनी लगेच फोनवर कळवून टाकलं. घरी मुलीने बातमी ऐकली आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदाच पाय पसरून बसली. “आता गुरुवारी दवाखान्यात तूच चल,” ती नवऱ्याला म्हणाली. “बाबा त्या डॉक्टरणीला लिफ्टच्या गोष्टी सांगत बसतात.”

---

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले तेव्हा मॅडमनी सहाही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले होते.

“मिस्त्री, बसा. हे उलटं आलंय.”

“काय उलटं?”

“नापास झालेल्या दोघांच्या बऱ्याचशा पावलांवर बरोबरची खूण आहे. जेवढं केलं तेवढं एकही न चुकता. ते फक्त वेळेत अडकले. आणि जे चार पास झाले, त्या चौघांनी तीच दोन पावलं गाळलीत. एकाने ही, दुसऱ्याने ती, असं असतं तर मी म्हणाले असते माणूस चुकतो. चौघांनी तीच दोन?”

मिस्त्रींनी चष्मा लावला. गाळलेली दोन पावलं मधली होती. एकट्या स्टॉपवर दार लावून बटण दाबून पाहणे, आणि मग स्टॉप सोडून एकट्या स्विचवर तेच.

“मग यांनी केलं काय?”

“दार उघडलं, स्टॉप दाबला आणि लगेच स्विचही फिरवला. मग दार लावून एकदाच बटण दाबलं. लिफ्ट हलली नाही. उतरले.” मॅडमनी पेन्सिल हातात घेतली. “ही पाच मिनिटं आपण कुठून आणली?”

“मी करून दाखवलं, तुम्ही घड्याळ लावलं.”

“मी घड्याळाकडे बघत होते. तुमच्या हातांकडे नाही. तेव्हा यादीही नव्हती. पुन्हा दाखवता का?”

मिस्त्रींनी पट्टा बांधला. या वेळी मॅडम त्यांच्यामागे वर गेल्या आणि कागद घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी दार किंचित उघडं ठेवून बटण दाबलं, पाहिलं. ते झालं. मग दार उघडून हात आत घातला. अंगठ्याने स्टॉप दाबला गेला आणि त्याच हाताच्या दोन बोटांनी स्विच फिरला. दोन्ही एका दमात, कुलूप लावून किल्ली काढावी तसं. दार लावलं. बटण दाबलं. लिफ्ट हलली नाही.

त्यांचा पाय उंबऱ्यावर आला आणि तिथेच थांबला.

मॅडमनी दोन चौकोन रिकामे सोडले होते.

“माझ्या कागदावर काय आलं?” मिस्त्रींनी विचारलं.

“उतरलात असं धरून बारापैकी दहा. वेळ साडेतीन मिनिटं. पास.”

दोघं खाली आले. मॅडमनी तो सातवा कागद बाकीच्यांच्या शेजारी ठेवला.

“माझीही चूक आहे,” त्या म्हणाल्या. “मी सगळ्या पावलांना सारखंच वजन दिलं. जीव वाचवणारं पाऊल चुकलं तरी चालेल, पण वेळ चुकायची नाही, अशी परीक्षा केली मी. उद्देशात आपण लिहिलं एकेक करून, आणि परीक्षेत बक्षीस दिलं एकदम करणाऱ्याला. ते मी दुरुस्त करेन. पण एक गोष्ट मला ठरवता येत नाही. मी लिफ्टवाली नाही. दोन्ही स्विच लावून एकदा तपासलं, तर खरंच काही बिघडतं का? तुम्ही चालतं म्हणालात, तर ही दोन पावलं यादीतून काढते, उद्देशातून ‘एकेक करून’ काढते, आणि कालचा निकाल तसाच राहतो. नाही चालत म्हणालात, तर चौघांचा निकाल रद्द.”

“आणि ते दोघे?”

“त्यांना वेळेची अट काढून उरलेली पावलं करायला लावायची. त्यांनी केली तर आजच कार्ड.”

मिस्त्री कागदांकडे पाहत राहिले. जावयाचा कागद ओळीत पहिला होता.

“चहा घेऊन येतो,” ते म्हणाले.

कँटीनमध्ये त्यांनी चहा घेतला आणि पत्र्याच्या शेडखाली उभ्याने प्यायले. समोर पोरं केबल गुंडाळत होती. जावई त्यांत होता. त्याने लांबूनच हात केला. मिस्त्रींनी पेला वर केला.

स्टॉप बटण अडकतं हे त्यांना माहीत होतं. नव्या इमारतीत प्लास्टरची धूळ बसते, जुन्या इमारतीत गंज. बटण दबलेलं दिसतं आणि आतला संपर्क तुटलेला नसतो. असली बटणं त्यांनी स्वतः बदलली होती, पण ती सापडली होती दुसऱ्या कशाचं काम करताना. छतावर उतरताना एकही सापडलं नव्हतं. त्या दिवसांत आपण कशाच्या भरवशावर उतरलो, याचा त्यांनी आजवर विचार केला नव्हता. इन्स्पेक्शन स्विच चांगला होता म्हणून उतरलो असू. तोही वाईट असता तर दार लावून बटण दाबल्यावर डबा निघाला असता आणि कळलं असतं. म्हणजे दोन्ही एकदम मेले तरच कळतं. एकच मेला तर कळत नाही, आणि माणूस एकावर उभा राहून दोनांवर उभा आहे असं समजतो. मग छतावर काम करताना स्विच चुकून कोपराने फिरला, तर हात स्टॉपकडे जाणार, आणि स्टॉप नुसतं लाल रंगाचं बोंड असणार.

पेला धुवून ते परत आले.

“नाही चालत,” ते म्हणाले.

मॅडम थांबल्या. “नक्की?”

“ओझं दोन माणसांनी धरलंय. एक नुसताच हात लावून चालतोय. ओझं खाली पडलं नाही, म्हणून दोघंही ताकद लावतायत असं म्हणता येत नाही. एकाला बाजूला केल्याशिवाय कळत नाही. लिहा तसंच. एकेक करूनच.”

मॅडमनी पाच मिनिटं खोडलं.

---

साहेबांना हे पटायला वेळ लागला. त्यांनी टेबलावर हात आपटला नाही, पण पेपरवेट तीनदा इकडचा तिकडे केला.

“पास झालेल्यांना नापास आणि नापासांना पास. खाली पोरांना काय सांगू?”

“परीक्षा चुकली होती म्हणून सांगा,” मॅडम म्हणाल्या. “पहिल्यांदा घेतो ती परीक्षेचीच परीक्षा असते. मी आधीच लिहून दिलं होतं, पहिल्या फेरीवर कार्ड काढू नका.”

“तुम्ही काय काय लिहून देता, मॅडम. माझा सोमवार आलाय.” साहेब मिस्त्रींकडे वळले. “मिस्त्री, तुमच्याच घरचं नुकसान आहे हे. कळतंय ना?”

“कळतंय.”

“मग?”

“तुम्ही विचारलं, बिघडतं का. मी म्हणालो, बिघडतं. घरचं वेगळं.”

“मी नाही विचारलं. यांनी विचारलं,” साहेब म्हणाले आणि पेपरवेट जागेवर ठेवला. “बरं. दुपारी त्या दोघांना चढवा. जो पार होईल तो सोमवारी हॉस्पिटलला.”

दुपारी सावकाशबाईने नऊ मिनिटं लावली. एकही चौकोन रिकामा राहिला नाही. दुसरा पोरगा घाबरून स्टॉप सोडायलाच विसरला आणि त्याला पुन्हा यायला सांगितलं. कार्ड एकच निघालं.

---

संध्याकाळी जावई मिस्त्रींकडे आला तेव्हा त्याने चपला दारात काढल्या, पण बसला नाही. मुलगी आत पलंगावर टेकून होती. मिस्त्रींची बायको स्वयंपाकघराच्या दारात.

“बसा ना,” मिस्त्री म्हणाले.

“मामा, मी हे कुठून शिकलो?”

मिस्त्रींनी खुर्ची पुढे सरकवली.

“तीन वर्षं तुमच्या मागे उभा होतो. अंगठ्याने स्टॉप, दोन बोटांनी स्विच. तुमचा हात बघून बघून माझा हात तसा झाला. पुस्तकात एकेक करून आहे, ते मलाही पाठ आहे. पण तुम्ही कधी केलं नाही, म्हणून मी केलं नाही. आणि आता नापास मी?”

“मीही नापास आहे,” मिस्त्री म्हणाले.

“तुम्हाला रूट नको आहे.”

आतून मुलीचा आवाज आला. “तुम्ही चालतं म्हणाला असता, बाबा, तर कोणाला कळलं असतं?”

“मॅडमना नसतं कळलं.”

“मग?”

“तो उतरला असता ना रोज, तसाच.” मिस्त्री जावयाकडे न बघता बोलत होते. “माझं निभावलं. कसं निभावलं ते मला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं. त्याचं निभावेल, असं कशाच्या जोरावर सांगू?”

बायको म्हणाली, “जेवून तरी घ्या सगळे.” जावई म्हणाला, “भूक नाही,” आणि मग थोड्या वेळाने बसला. वाढलेलं सगळं संपवलं.

निघताना मिस्त्रींनी विचारलं, “परत कधी बसणार?”

“पुढच्या आठवड्यात. तुम्ही सराव घ्याल?”

“मी नको. माझ्याकडे पाहून पुन्हा तेच शिकाल. त्या सावकाशबाईबरोबर उभे राहा. ती करते ते बघा.”

जावई पहिल्यांदा हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “तिने माझा रूट घेतला, आणि आता मी तिची शिकवणी लावू?”

“तिने घेतला नाही. साहेबांनी दिला.”

तो गेला. दोन दिवस तो सरावाला फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खिडकीतून पाहिलं तर तो वरच्या दाराशी उभा होता आणि सावकाशबाई हाताची घडी घालून शेजारी.

“दादा, हात वेगळे वापरा,” तिचा आवाज येत होता. “स्टॉप उजव्याने. मग तो हात खिशात घाला.”

“खिशात?”

“बाहेर राहिला की स्विचकडे जातोय. मी मघापासून बघतेय. खिशात घाला.”

“लोक हसतील.”

“हसू द्या. मला तर नाव ठेवलंय, माझं काय झालं?”

---

पुढच्या फेरीत मॅडमनी परीक्षा बदलली. वेळ काढून टाकली होती. तपासण्याच्या पावलांवर ठळक खूण होती, त्यांतलं एक चुकलं तरी नापास. आणखी एक गोष्ट त्यांनी मिस्त्रींना विचारून घातली होती. परीक्षेआधी इलेक्ट्रिशियन चिठ्ठी उचलायचा. चिठ्ठीत निघेल ती एक गोष्ट, कुलूप, स्टॉप किंवा स्विच, तारेचा तुकडा जोडून निकामी करायची, किंवा काहीच करायचं नाही. कोणाला काय आलंय हे फक्त इलेक्ट्रिशियनला आणि मॅडमना माहीत. मॅडम दाराशी हातभर अंतरावर उभ्या राहणार होत्या. दोष न सापडता कोणी आत पाय टाकायला निघाला, तर “थांबा” म्हणणार, आणि मिस्त्री वर मेन स्विच पाडणार.

जावयाची पाळी आली तेव्हा मिस्त्री मोटर-रूममध्ये स्टुलावर बसले होते, हात स्विचच्या दांड्यावर. तिथून फक्त ऐकू येत होतं. खाली त्रिकोणी चावी फिरली. दार सरकलं, थोडंसंच. मग काही नाही. मोटर गप्प. कुलूप ठीक.

दार पूर्ण उघडलं. एक टक झाली.

मिस्त्री दुसऱ्या टकेची वाट पाहू लागले. अंगठा आणि लगेच बोटं, असा तो आवाज असतो, त्यांच्या स्वतःच्या हाताचा. खाली बराच वेळ काहीच झालं नाही. मग दार सरकत सरकत पूर्ण लागलं.

त्यांच्या शेजारच्या पॅनेलमध्ये खटका पडला आणि मोटर फिरली. दोर हलले. डबा वर निघाला होता, बटण दाबणाऱ्याला घ्यायला, जसा कोणालाही घ्यायला येतो.

मिस्त्रींनी दांडा ओढला नाही. ओढण्याची गरज नव्हती. दार बंद होतं आणि माणूस बाहेर होता.

खालून जावयाचा आवाज आला. “स्टॉप दाबलेलं आहे, तरी लिफ्ट चालते. मी उतरणार नाही. लिफ्ट बंद ठेवा आणि पाटी लावा.”

“लिहिते,” मॅडम म्हणाल्या.

त्या संध्याकाळी चार कार्डं निघाली. जवळचा रूट सावकाशबाईकडे होता आणि हॉस्पिटलवाले तिच्यावर खूश होते, त्यामुळे तो बदलायचा प्रश्न नव्हता. साहेबांनी जावयाला लांबच्या वसाहतीचा कागद दिला आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले. जावयाने कागद घेतला. मिस्त्रींपाशी आला तेव्हा नमस्काराला वाकावं की नाही अशा बेतात होता. मग वाकला नाही.

“खोली बघायला उद्याच जावं लागेल,” तो म्हणाला. “तुमच्या मुलीकडे लक्ष ठेवा.”

“ठेवतो.”

“डॉक्टरणीला गोष्टी सांगू नका.”

गुरुवारी मिस्त्री मुलीला घेऊन दवाखान्यात गेले. दोन मजल्यांचा जिना होता. ती कठड्याला धरून चढत होती आणि मिस्त्री तिची पिशवी घेऊन मागे, दोघांचंही पाऊल जड. अर्ध्या वाटेवर ती दम घ्यायला थांबली.

“बाबा, तुम्ही बरोबर केलंत हे मला कळतंय,” ती म्हणाली. “हे मला सांगायला आई रोज येते. पण मला तो घरी हवा होता.”

“हो,” मिस्त्री म्हणाले.

ती पुन्हा चढू लागली. मिस्त्रींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्या मागच्या पायरीवर, ती पडली तर धरता येईल इतक्या अंतरावर, चालत राहिले.